पाच दिवसांचा घोळ झाला तरी तारीख हलली नाही, आणि एका सिंकमुळे तीन दिवस गेले: घराच्या रिनोव्हेशनचा गँट चार्ट

आमच्याकडे किचन आणि त्याला लागून असलेलं बाथरूम दोन्ही एकदम तोडून नवीन करायचं ठरलं. ठेकेदार म्हणाला दीड महिना, आणि त्याने एका कागदावर आडव्या नऊ पट्ट्या काढून दिल्या, तोडफोड, प्लंबिंग, प्लास्टर, टाइल्स असं एकाखाली एक. दिसायला व्यवस्थित होतं सगळं. पण मी विचारलं की दादा, प्लंबर चार दिवस उशिरा आला तर यातलं नक्की काय काय पुढे सरकेल, तर कागदावरून ते कळतच नव्हतं, त्यालाही नाही आणि मलाही नाही. पट्टी सांगते काम कधी आहे, पण ते कशासाठी थांबलंय हे सांगत नाही.

हा फरक जुनाच आहे खरं तर. हेन्री गँटच्या पट्ट्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या, आणि कामं एकमेकांना बांधून सगळ्यात लांब साखळी शोधायची पद्धत, म्हणजे क्रिटिकल पाथ, ती 1957 च्या आसपास ड्युपॉन्टचा मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचा जेम्स केली यांनी बसवली. आता सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही एकत्रच येतं म्हणून आपल्याला वाटतं की पट्ट्या काढल्या म्हणजे झालं.

तर मी स्प्रेडशीट उघडली आणि आधी पट्ट्या न काढता फक्त तीन रकाने भरले: काम, किती दिवस, आणि कशानंतर. तिसरा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागला, ठेकेदार, प्लंबर आणि फर्निचरवाला तिघांना वेगवेगळं गाठून एकच प्रश्न विचारत होतो की तुम्ही कामाला हात लावायच्या आधी काय पूर्ण झालेलं पाहिजे. ठेकेदाराच्या कागदावर जी कामं नव्हतीच ती इथे बाहेर पडली, आणि गंमत म्हणजे त्यातली बरीचशी कामं नव्हतीच, वाट बघणं होतं. प्लास्टरला सात दिवस पाणी मारायचं, बाथरूममध्ये पाणी साठवून ठेवायचं, कारखान्यात फर्निचर बनायचं, दगड कापून यायचा. घरात कोणी माणूस दिसत नाही म्हणून ते कोणी मोजतच नाही.

| काम | दिवस | कशानंतर |
|---|---|---|
| तोडफोड आणि मलबा उचलणं | 4 | – |
| प्लंबिंगचे पाइप, प्रेशर टेस्टसकट | 4 | तोडफोड |
| वायरिंगचे पाइप आणि बॉक्स | 3 | तोडफोड |
| प्लास्टर | 3 | प्लंबिंग, वायरिंग |
| प्लास्टरला पाणी मारणं | 7 | प्लास्टर |
| बाथरूमचं वॉटरप्रूफिंग | 3 | पाणी मारणं |
| बाथरूममध्ये पाणी साठवून टेस्ट | 2 | वॉटरप्रूफिंग |
| बाथरूमच्या टाइल्स | 5 | पाण्याची टेस्ट |
| टाइल्सचे जोड सुकणं | 1 | बाथरूमच्या टाइल्स |
| बाथरूमचं फिटिंग | 2 | जोड सुकणं |
| किचनच्या टाइल्स | 4 | पाणी मारणं |
| किचनची पुट्टी-प्रायमर | 5 | किचनच्या टाइल्स |
| फर्निचरची मापं | 1 | किचनच्या टाइल्स |
| फर्निचर कारखान्यात बनणं | 21 | मापं |
| फर्निचर बसवणं | 3 | कारखाना, पुट्टी-प्रायमर |
| ओट्याच्या दगडाचं माप | 1 | फर्निचर बसवणं |
| दगड कापून येणं | 7 | दगडाचं माप |
| ओटा बसवणं | 1 | दगड |
| सिंक आणि नळ जोडणं | 1 | ओटा |
| किचनचा शेवटचा रंग | 2 | सिंक |
| साफसफाई | 1 | रंग, बाथरूमचं फिटिंग |

आमच्या टीमने मध्ये सुट्टी न घेता सलग काम करायचं कबूल केलं होतं, त्यामुळे इथे दिवस म्हणजे सरळ कॅलेंडरचा दिवस. तुमच्याकडे आठवड्याची सुट्टी असेल तर एक लक्षात ठेवा, माणसं सुट्टी घेतात पण ओलं प्लास्टर घेत नाही, म्हणून पाणी मारण्याचे सात दिवस कॅलेंडरचे मोजायचे आणि गवंड्याचे दिवस कामाचे. दोन्हीला एकच मोजपट्टी लावली की चार्ट पहिल्याच आठवड्यात खोटा पडायला लागतो.

चौथ्या रकान्यात सुरू व्हायचा दिवस, पाचव्यात संपायचा. प्लास्टर पाचव्या ओळीत, त्याच्या आधी लागणारं प्लंबिंग तिसऱ्या आणि वायरिंग चौथ्या ओळीत, तर फॉर्म्युला असा होतो:

```
D5: =MAX(E3,E4)+1
E5: =D5+B5-1
```

सगळा जीव त्या `MAX` मध्ये आहे. प्लास्टर कधी सुरू होणार हे त्याच्या आधीच्या कामांपैकी जे सगळ्यात उशिरा संपतं ते ठरवतं. तोडफोड चौथ्या दिवशी संपते, वायरिंग सातव्या, प्लंबिंग आठव्या, म्हणून प्लास्टर नवव्याला. तारीख हाताने टाइप करायची नाही, एकही नाही (पहिल्या कामाच्या सुरुवातीचा 1 सोडून), नाहीतर एखादं काम सरकलं की बाकीची ओळ जागीच बसून राहते आणि चार्ट परत त्या कागदासारखा होतो. पट्ट्यांसाठी सातव्या रकान्यानंतर पहिल्या ओळीत दिवसांचे आकडे टाकले आणि खालच्या चौकटींना कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये हा नियम दिला, म्हणजे पट्टी आपोआप रंगते:

```
=AND(H$1>=$D2,H$1<=$E2)
```

आता मधले दोन रकाने. सहाव्यात ते काम उशिरात उशिरा कधी संपलं तर चालेल, आणि सातव्यात मोकळीक, म्हणजे पाचव्या आणि सहाव्या रकान्यातल्या तारखांमधलं अंतर. हे खालून वर मोजायचं, साफसफाईपासून सुरुवात करून मागे मागे. वायरिंगचं बघा, प्लास्टर अकराव्या दिवशी संपलंच पाहिजे आणि त्याला तीन दिवस लागतात, म्हणजे वायरिंग आठव्याच्या संध्याकाळपर्यंत झालं तरी चालेल, प्रत्यक्षात ते सातव्याला होतंय, म्हणून मोकळीक एक दिवस.

```
F4: =F5-B5
G4: =F4-E4
```

(एखाद्या कामावर पुढची दोन कामं अवलंबून असतील तर दोघांसाठी `F-B` काढून त्यातला लहान आकडा घ्यायचा, जाताना `MAX`, येताना `MIN`.) ज्या कामांची मोकळीक शून्य, ती मिळून क्रिटिकल पाथ, त्यांच्या पट्ट्या मी लाल केल्या.

पहिल्यांदा मी ठेकेदाराचाच क्रम टाकला. टाइलवाला एकच माणूस होता आणि ठेकेदाराची पद्धत अशी की आधी बाथरूम पूर्ण करायचं, मग किचनला जायचं. हे बांधकामाचं बंधन नाही, किचनच्या टाइल्सना बाथरूमचं काही घेणंदेणं नाही, पण माणूस एकच असल्यामुळे ते बंधन होतं आणि चार्टमध्ये तेही लिहावं लागतं. मी किचनच्या टाइल्ससमोर "कशानंतर" मध्ये बाथरूमच्या टाइल्स पण टाकल्या. पाणी मारणं अठराव्या दिवशी संपलं, मग तीन दिवस वॉटरप्रूफिंग, दोन दिवस टेस्ट, पाच दिवस टाइल्स, झाला 28 वा दिवस, मग किचनच्या टाइल्स 32 व्यापर्यंत, 33 व्याला मापं, 54 व्यापर्यंत कारखाना, आणि असं करत साफसफाई 70 व्या दिवशी. दीड महिना म्हणून सांगितलेलं काम सत्तर दिवसांचं निघालं, तेही कोणी एक दिवस उशीर न करता.

ठेकेदाराला दाखवलं तर तो पटकन म्हणाला, "अहो पण बाथरूमचंच काम अवघड असतं, ते आधी संपवलेलं बरं." अवघड असतं हे खरंच आहे. पण सातवा रकाना वेगळंच सांगत होता. बाथरूमचं फिटिंग जोड सुकून 31 व्या दिवशी होत होतं आणि साफसफाई सुरू व्हायला अजून 38 दिवस बाकी होते, म्हणजे अवघड काम संपवून ते नुसतं पडून राहणार होतं. लांब साखळी किचनमधून जात होती: टाइल्स, मापं, कारखाना, फर्निचर, दगड. आणि किचनच्या टाइल्स मात्र बाथरूमच्या मागे रांगेत उभ्या होत्या.

त्यात पाण्याच्या टेस्टच्या वेळी टाइलवाला रिकामाच बसणार होता. 19 ते 23 हे पाच दिवस बाथरूममध्ये वॉटरप्रूफिंग आणि टेस्ट, आणि किचनच्या टाइल्सना लागतात चार. एकाच्या पोटात दुसरं बरोबर बसतं! क्रम उलटा केला, किचनच्या टाइल्स 19 ते 22, मग तोच माणूस 24 ला बाथरूममध्ये. बाथरूमचा एकही दिवस सरकला नाही आणि शेवट 70 वरून 60 वर आला. नवीन माणूस नाही, जास्त तास नाही, फक्त एक "कशानंतर" बदललं.

आता क्रिटिकल पाथवर सगळ्यात मोठी पट्टी कारखान्याची, 21 दिवस. ती लहान करता येईना, फर्निचरवाल्याने स्पष्ट सांगितलं. मग ती पट्टी आधी सुरू करता येईल का हे बघायचं. मापं टाइल्सनंतरच का घ्यायची असं विचारल्यावर तो म्हणाला की टाइल लागली की भिंत पुढे येते, आणि आधी माप दिलं तर कपाट बसणार नाही. किती पुढे येते? टाइल 8 मिमी, खाली चिकटवायचा थर साधारण 4 मिमी, म्हणजे 12. मग प्लास्टर झाल्या झाल्या माप घेऊन प्रत्येक भिंतीला 12 मिमी वजा केले तर? तो तयार झाला पण दोन अटींवर. एक, टाइलवाल्याने 12 च्या वर जायचं नाही. दोन, कोपऱ्यात 20 मिमीची भरणीची पट्टी ठेवायची, जी जागेवर कापून बसवता येते. दोन्ही अटी बरोबर होत्या, कारण खरा धोका तिथेच आहे, भिंत जर ओळंब्यात नसेल तर टाइलवाला थर जाड करून ती सरळ करतो आणि आपले 12 चे 18 कधी होतात कळत पण नाही. आम्ही लेझर लावून प्रत्येक भिंत खाली, मध्ये आणि वर अशी तीन उंचीवर मोजली, टाइलवाल्याला समोर उभं करून त्याच्याच हाताने भिंतीवर रेघ मारून घेतली. जमिनीच्या पातळीची काळजी कमी होती, कपाटांचे पाय खालीवर होतात.

ही सवलत सगळीकडे घेऊ नका. भिंतीपासून भिंतीपर्यंत काठोकाठ बसणारं फर्निचर असेल, भरणीच्या पट्टीला जागाच नसेल, किंवा जुन्या भिंती वाकड्या असतील, तर टाइल्सनंतरच मापं घ्या, ते दिवस वाचवण्यापेक्षा चुकलेलं कपाट परत बनवायला लागणारे 21 दिवस जास्त आहेत.

तर "मापं"समोरचं "किचनच्या टाइल्स" खोडून "प्लास्टर" लिहिलं. माप बाराव्या दिवशी, कारखाना 13 ते 33, बसवणं 34 ते 36, दगडाचं माप 37, दगड 44 पर्यंत, ओटा 45, सिंक 46, रंग 48, साफसफाई 49. आणखी अकरा दिवस गेले.

इथे एक गोष्ट झाली जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. क्रिटिकल पाथ जागचा हलला. आधी प्लास्टरला पाणी मारणं आणि किचनच्या टाइल्स त्याच्यावर होत्या, आता दोन्ही बाहेर पडल्या, कारण कारखाना त्यांच्या डोक्यावरून सुरू झाला. मग मला वाटलं आता टाइलवाल्याचा क्रम काही का असेना, बाथरूम आधी केलं तरी किचनच्या टाइल्स 32 व्याला संपतात आणि फर्निचर 34 ला येतंय. करून बघितलं तर शेवट 53 वर गेला. कारण मध्ये पुट्टी-प्रायमरचे पाच दिवस होते, ते 37 पर्यंत लांबले आणि फर्निचर दारात येऊन थांबलं. डोक्यात हिशोब करताना मी ती ओळ विसरलो होतो, शीटने विसरली नाही. म्हणून प्रत्येक बदलानंतर सातवा रकाना पुन्हा वाचायचा, मागच्या वेळी लाल केलेल्या पट्ट्या आता लाल असतीलच असं नाही.

49 दिवसांच्या चार्टवर काम सुरू झालं. वायरिंगवाला एक दिवस उशिरा आला, त्याची मोकळीक एक दिवसाचीच होती, ती संपली पण प्लास्टर वेळेवर सुरू झालं. त्याला आदल्या दिवशीच सांगितलं होतं की उद्या नाही आलात तर सगळं घर तुमच्यामुळे थांबेल. नुसतं "लवकर या" म्हणण्यापेक्षा हे वेगळं असतं, कारण ते खरं असतं आणि समोरच्याला तक्ता दाखवता येतो.

मग बाथरूमची पाण्याची टेस्ट फेल झाली. 22 व्याला नहाणी ट्रॅपचं तोंड बंद करून पाणी भरलं आणि भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण केली. हवेत थोडं पाणी उडतंच, पण 23 व्याच्या सकाळी पातळी खुणेच्या चांगली 15 मिमी खाली होती आणि खालच्या छतावर पाइपाभोवती ओल आलेली. गळती ट्रॅप आणि स्लॅबच्या जोडातून होती. तो जोड खरवडून पुन्हा भरायचा, दोन कोट, सुकवणं, परत टेस्ट, म्हणजे पाच दिवस. घरात सगळ्यांचे चेहरे उतरले, बायको म्हणाली आता गेला महिना. मी शीटमध्ये दुरुस्तीचे तीन आणि टेस्टचे दोन दिवस टाकले. बाथरूमच्या टाइल्स 29 ते 33 वर गेल्या, फिटिंग 36 वर, आणि शेवटची ओळ? 49. तशीच.

कारण बाथरूमच्या साखळीला 17 दिवस मोकळीक होती, त्यातले पाच गेले, बारा उरले. पण ते 17 दिवस साखळीचे होते, तिच्यातल्या प्रत्येक कामाचे वेगवेगळे नाहीत. शीटमध्ये वॉटरप्रूफिंगसमोर 17, टाइल्ससमोर 17, फिटिंगसमोर 17 असं दिसतं आणि प्रत्येकाला वाटतं माझ्याकडे 17 आहेत. एकाने खाल्ले की पुढच्या सगळ्यांचे कमी होतात. टाइलवाल्याने आधी विचारलं होतं की मध्ये दुसरीकडे जाऊन येऊ का, टेस्ट फेल झाल्यावर त्याला हो म्हणालो, पण 29 च्या सकाळी हजर राहायचं कबूल करून घेतलं.

फर्निचर 34 व्याला आलं, कोपऱ्यात 7 मिमीची फट राहिली, भरणीच्या पट्टीत ती झाकली गेली. मापाचा जुगार म्हणावा तर तो लागला, पण खरं श्रेय त्या भिंतीवरच्या रेघांचं.

आणि 37 व्या दिवशी दगडवाला ओट्याचं माप घ्यायला आला आणि म्हणाला, "सिंक कुठंय?"

सिंक आलंच नव्हतं. ते दगडाच्या खालून बसणारं होतं, त्याचं भोक दगडात कापतात आणि त्याची कड उघडी दिसते, त्यामुळे प्रत्यक्ष सिंक समोर असल्याशिवाय तो कापायला तयार नव्हता. कॅटलॉगमधलं माप दाखवलं, तो नाही म्हणाला, आणि मला ते पटलं, भोक एकदा मोठं झालं की दगड गेला. सिंक 39 व्याला संध्याकाळी आलं, माप 40 ला झालं. दगड 47, ओटा 48, सिंक 49, रंग 51, आणि साफसफाई 52 व्या दिवशी. बाथरूमची गळती, ज्याच्यासाठी सगळं घर हादरलं होतं, तिने एक दिवसही खाल्ला नाही आणि या सिंकने तीन खाल्ले.

चूक कुठे होती ते शीट उघडल्यावर लगेच दिसलं. चार्टमध्ये "सिंक आणि नळ जोडणं" होतं, ओट्यानंतर, 46 व्याला. माझ्या डोक्यात सिंक 46 ला लागतं असंच बसलं होतं, म्हणून मी 29 व्याला निवांत ऑर्डर दिली, दहा दिवसांत येतं, भरपूर वेळ आहे. पण सिंक जोडायला 46 ला लागत होतं आणि मोजायला 37 ला. दगडाच्या मापासमोर "कशानंतर" मध्ये फक्त फर्निचर लिहिलेलं, सिंक नाही. ती एक ओळ असती तर मागे मोजत आल्यावर आपोआप निघालं असतं की सिंक 36 च्या संध्याकाळपर्यंत घरात पाहिजे, म्हणजे ऑर्डर उशिरात उशिरा 26 ला. मी तीन दिवस उशिरा दिली आणि शेवट बरोब्बर तीन दिवस सरकला. क्रिटिकल पाथला लागून असलेल्या गोष्टीत असंच होतं, एकास एक.

मी कामं विचारताना प्रत्येकाला "आधी काय पूर्ण झालेलं पाहिजे" विचारलं होतं. दगडवाल्याला तर गाठलंच नव्हतं, त्याचं फर्निचरवाल्याकडूनच कळलं होतं. आणि प्रश्नही अर्धाच होता, "त्या दिवशी समोर काय वस्तू पाहिजे" हे कोणालाच विचारलं नाही. आता बहिणीच्या घराचं काम निघालंय, तिच्या शीटमध्ये कामांच्या खाली वेगळ्या रंगाच्या ओळी केल्यात, प्रत्येक वस्तूसाठी एक: ऑर्डर देणं, यायला लागणारे दिवस, आणि ती ओळ पहिल्यांदा जिथे लागते त्या कामाला बांधलेली, शेवटी जिथे बसते तिथे नाही. सिंक दगडाच्या मापाला. भिंतीतल्या मिक्सरची बॉडी प्लंबिंगच्या पाइपांना, कारण ती प्लास्टरच्या आत जाते. गॅसची शेगडी ओट्यात बसवायची असेल तर तीही दगडाच्या मापालाच. चिमणी वायरिंगच्या बॉक्सला, निदान तिचा मॉडेल नंबर तरी. या ओळी भरल्यावर तिच्या चार्टमध्ये पहिली लाल पट्टी तोडफोडीची आलीच नाही, मिक्सरच्या ऑर्डरची आली, आणि ती तोडफोड सुरू व्हायच्या सहा दिवस आधीची होती.